परिपाठात पाण्यावर हिंदीतून दोन मिनिटं

परिपाठात भाषणाच्या वाट्याला येतात जेमतेम दोन मिनिटं. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, सुविचार, दिनविशेष, बातम्या एवढं सगळं होईपर्यंत मागच्या रांगांची चुळबुळ सुरू झालेली असते आणि पहिल्या तासाच्या बाई घड्याळाकडे बघू लागलेल्या असतात. त्यातून तो दिवस हिंदी परिपाठाचा असेल, तर बोलणाऱ्या मुलाची परीक्षा दुहेरी. आठवड्यातला एक दिवस हिंदी, एक इंग्रजी अशी वाटणी आता बऱ्याच शाळांत आहे, आणि मार्चमध्ये १६ ते २२ तारखांचा जलजागृती सप्ताह आला की पाण्यावर कोणाला तरी बोलावंच लागतं. २२ मार्च हा जागतिक जल दिन १९९३ पासून पाळला जातो. तेव्हापासून आपल्या शाळांतलं हे भाषण फारसं बदललेलं नाही.

ते कसं असतं, तुम्हालाही पाठ असेल. सुरुवातीला व्यासपीठावरच्या आणि व्यासपीठावर नसलेल्याही सर्वांना वंदन. मग ‘जल ही जीवन है’. मग पृथ्वीवर पाणी किती आणि त्यातलं पिण्याजोगं किती याची टक्केवारी. दात घासताना नळ बंद ठेवा, शॉवर नको बादली घ्या, गाड्या पाइपने धुऊ नका. शेवटी ‘जल है तो कल है’, टाळ्या, संपलं. यातलं काहीच चुकीचं नाही, पण दुपारच्या सुट्टीत एकाही मुलाला त्यातलं एक वाक्य आठवत नाही. कारण यातलं एकही वाक्य त्या शाळेचं नसतं. हेच भाषण नागपुरात, रत्नागिरीत किंवा म्हापशात जसंच्या तसं चालेल.

म्हणून मुलाला भाषण लिहून द्यायला बसाल, तेव्हा वही नंतर उघडा. आधी त्याला शाळेच्या नळापाशी पाठवा.

प्रत्येक शाळेत पाण्याच्या टाकीखाली किंवा मुलांच्या हात धुण्याच्या जागी नळांची एक ओळ असते आणि त्यातला एखादा तरी टपकत असतो. तोच या भाषणाचा विषय. मुलाने शाळेचा नेहमीचा, साधारण २०० मिलिलिटरचा पेला त्या नळाखाली ठेवायचा आणि दहा मिनिटं थांबायचं, बस. थेंब मोजत बसायचं नाही. थेंबाचा आकार नळाच्या तोंडाप्रमाणे बदलतो, त्यामुळे ‘सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला अमुक लिटर’ असले तयार हिशेब एकमेकांशी कधी जुळत नाहीत. पेला मात्र खोटं बोलत नाही.

समजा दहा मिनिटांत पेला अर्धा भरला, म्हणजे १०० मिलिलिटर. तासाला सहापट, ६०० मिलिलिटर, म्हणजे तीन पेले. नळ रात्री झोपत नाही, तेव्हा चोवीस तासांचे बहात्तर पेले, १४.४ लिटर. घरातली मध्यम बादली साधारण पंधरा लिटरची असते. म्हणजे तो एक नळ रोज एक बादली पाणी गटारात सोडतो. हा हिशेब पाचवी-सहावीच्या मुलाला स्वतः करता येतो आणि त्यानेच करावा. स्वतः केलेला गुणाकार बोलताना डगमगत नाही. इकडूनतिकडून घेतलेली टक्केवारी हमखास डगमगते.

पेला अर्धा भरला नाही, पाव भरला, तरी चालेल. मग रोज अर्धी बादली म्हणा. आकडा मोठा हवा म्हणून वाढवू मात्र नका. परिपाठ संपल्यावर दोन-चार टारगट पोरं पेला घेऊन त्या नळापाशी जाणारच, आणि ती गेली तर भाषण लागू पडलं म्हणायचं. त्यांच्या पेल्यातही तेवढंच पाणी यायला हवं.

दुसरी चौकशी करायची ती नळ का टपकतो याची. बहुतेक भाषणं इथे फसतात, कारण ‘नळ घट्ट बंद करा’ एवढंच सांगून मोकळी होतात. फिरवून बंद करायच्या जुन्या धाटणीच्या नळात आत एक रबरी वायसर असतो. तो झिजला किंवा चिरला की नळ कितीही आवळा, थेंब पडतच राहतो. उलट जोर लावून आवळल्याने उरलासुरला वायसरही कापला जातो. म्हणजे चारशे मुलांनी तुमचं भाषण मनावर घेतलं आणि तो नळ जिवाच्या आकांताने आवळला, तर आठवड्याभरात तो आणखी गळू लागेल. वायसर काही रुपयांना मिळतो आणि तो बदलायला पाना आणि पाच-दहा मिनिटं लागतात. वरची मुख्य तोटी मात्र आधी बंद करावी लागते. हे सगळं शाळेतल्या शिपाईमामांना ठाऊक असतं. मुलाने त्यांनाच विचारावं. पलीकडचे दोन-तीन नळ टपकतात ते वेगळ्या कारणाने: वायसर धड असतो, पण घंटा झाली म्हणून कोणीतरी अर्धवट फिरवून पळालेलं असतं. पहिल्याला दुरुस्ती लागते, दुसऱ्याला सवय. भाषणात दोन्ही वेगवेगळं सांगितलं की ऐकणाऱ्याला नेमकं काय करायचं ते कळतं.

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या विषयाचं तुम्ही एक नळ करून टाकलात. दोन मिनिटांत एक नळच मावतो. त्याच्या जोडीला बाहेरची एखादी गोष्ट हवीच असेल, तर ती आपल्या गावच्या पाण्याची घ्यावी. लातूरच्या शाळेत २०१६ च्या एप्रिलमधली पाण्याची रेल्वे चालेल. मिरजेहून दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला आली, तेव्हा आजची परिपाठातली मुलं फार लहान होती किंवा जन्मलीही नव्हती, पण त्यांच्या आईवडिलांनी ते दिवस काढलेले आहेत. मुंबईच्या मुलाने एवढंच सांगावं की आपल्या नळाला येणारं पाणी ज्या भातसा धरणातून निघतं, त्याच शहापूर तालुक्यातली गावं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. पणजीच्या शाळेत ओपाच्या जलप्रकल्पाचं नाव घेता येईल, सोलापुरात उजनीचं. पण दोन-तीन वाक्यांत. ही गोष्ट लांबली की नळ मागे पडतो आणि भाषण पुन्हा भूगोलाचा धडा होतं. आणि हो, रहीमचा तो पाण्यावरचा दोहा घालायचा मोह आवरा. त्यातलं पाणी म्हणजे मोत्याची झळाळी, माणसाची अब्रू आणि पिठात लागणारं पाणी. टपकत्या नळाशी त्याचा काही संबंध नाही, आणि तीन अर्थ समजावण्यातच एक मिनिट जाईल.

आता हिंदी. मराठी मुलाला हिंदी समजतं, सिनेमामुळे बोलताही येतं, पण माइकसमोर त्याची गाडी ठरावीक ठिकाणी घसरते. सगळ्यांत मोठी अडचण लिंगाची. आपल्याकडे तीन लिंगं, हिंदीत दोन, आणि पाण्याच्या विषयात नेमके तेच शब्द येतात जे इकडे एक आणि तिकडे दुसरंच असतात. आपला थेंब ‘तो’, पण त्यांची ‘बूँद’ गिरती है. आपला पाऊस ‘तो’, त्यांची ‘बारिश’ होती है. आपलं पाणी ‘ते’, त्यांचा ‘पानी’ बहता है. नळ, घडा, तालाब हे तिथेही पुल्लिंगी. टंकी, बाल्टी, नदी, प्यास स्त्रीलिंगी. मुलाला नियम शिकवू नका. भाषणातल्या प्रत्येक नामाला त्याचं क्रियापद जोडून दहादा म्हणायला लावा: पानी बहता है, बूँद गिरती है, नल टपकता है, बाल्टी भरती है. ही चौकडी जिभेवर बसली की निम्मं काम झालं.

छोटी वाक्यं हवीत ती मुख्यतः याचसाठी. हिंदीतही क्रियापद शेवटी येतं. ‘हमारे स्कूल की टंकी के पास जो पाँच नल हैं उनमें से तीसरे नल से दिन-रात टपकने वाली बूँदों के कारण…’ असं वाक्य मुलाने सुरू केलं, की शेवटाला पोचेपर्यंत कर्ता नल होता, बूँद होती की टंकी, हे तो विसरून जातो आणि मग ‘होता है’, ‘होती है’ यांपैकी जे तोंडाला येईल ते ठोकून देतो. पाच-सहा शब्दांच्या वाक्यात कर्ता डोळ्यांसमोरच असतो. शिवाय कर्ण्याचा आवाज समोरच्या इमारतीवर आपटून परत येतो. वाक्य छोटं असेल तर घुमणारा आवाज विरेपर्यंत थांबता येतं, लांब असेल तर एका वाक्याची शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर पडते. आठ शब्दांच्या पुढे वाक्य गेलं की ते तोडायचं, एवढं पथ्य पुरे.

दुसरी घसरण ‘ने’ची. ‘मी पाहिलं’ म्हणताना आपण मी-ला काही लावत नाही, म्हणून मुलं ‘मैं देखा’ म्हणतात. हवं ‘मैंने देखा’. तिसरी ‘अपना’ची: ‘मैं मेरे घर गया’ हे मराठी वळण, हिंदीत ‘मैं अपने घर गया’. ‘पानी’मधला न आणि आपल्या पाण्यातला ण यांची सरमिसळ खेडोपाडी होतेच. ती सुधारली तर उत्तम, पण एखादा ण निसटला म्हणून कोणी मुलाला हसू नये. ‘है’ मात्र ‘हय’ होऊ देऊ नका. तो वाक्यांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे तेवढा एक सुधारला तरी सगळं भाषण हिंदी वाटू लागतं. आकडे कागदावर अक्षरांत लिहा. ७२ दिसलं की तोंडातून ‘बहात्तर’ येणार; तिथे ‘बहत्तर’ असं लिहिलेलंच हवं. आणि एक चूक तर शिक्षकांच्याही फलकावर दिसते: हाक मारताना ‘साथियों’ नव्हे, ‘साथियो’, अनुस्वाराशिवाय. ‘भाइयो और बहनो’ हेही तसंच.

हे सगळं धरून सातवीतल्या मुलीसाठी लिहिलेलं एक भाषण खाली देतो. नळांची संख्या, पेला किती भरला, कोणता वार, हे तुमच्या शाळेचं घालायचं.

आदरणीय गुरुजन और साथियो, नमस्ते।

टप।

टप।

टप।

यह आवाज़ आप सबने सुनी है।

यह हमारे ही स्कूल की आवाज़ है।

टंकी के पास पाँच नल हैं।

तीसरा नल दिन-रात टपकता है।

सोमवार को मैंने उसके नीचे एक गिलास रखा।

दस मिनट रुकी।

गिलास आधा भर गया।

दस मिनट में आधा गिलास।

एक घंटे में तीन गिलास।

एक दिन और एक रात में बहत्तर गिलास।

यानी लगभग एक बाल्टी।

रोज़ एक बाल्टी।

रात को भी। रविवार को भी।

इस पानी से किसी की प्यास नहीं बुझी।

किसी ने हाथ तक नहीं धोए।

पानी बस बह गया।

मैंने मामा से पूछा, बंद क्यों नहीं होता?

मामा ने नल खोलकर दिखाया।

अंदर रबर का एक छोटा-सा छल्ला था।

वह कट गया था।

हमने ही नल को कस-कसकर उसे काटा था।

अब नया छल्ला लगेगा।

पर बाकी चार नल तो अच्छे हैं।

फिर भी कल दो नल टपक रहे थे।

क्यों?

घंटी बजी। हम भागे। नल आधा खुला रह गया।

इसलिए आज मैं एक ही बात माँगती हूँ।

हाथ धोकर मुड़ने से पहले नल को देखिए।

बूँद गिर रही है? नल बंद कीजिए।

बंद नहीं होता? ज़ोर मत लगाइए। मामा को बताइए।

अब ज़रा मेरा साथ दीजिए।

मैं कहूँगी ‘टप’। आप कहेंगे ‘बंद’।

टप! (बंद!)

टप! (बंद!)

टप! (बंद!)

मुँह से तो बंद हो गया।

अब हाथ से कीजिए।

घाई न करता म्हटलं तर याला साधारण दोन मिनिटं लागतात. मुलगा बोलणार असेल तर ‘रुकी’चं ‘रुका’, ‘माँगती’चं ‘माँगता’ आणि ‘कहूँगी’चं ‘कहूँगा’ करायला विसरू नका. वहिनीने लिहून दिलेलं भाषण दिराने जसंच्या तसं म्हटल्यावर काय हशा पिकतो, ते बऱ्याच शाळांनी अनुभवलेलं आहे.

शेवटाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण भाषण लक्षात राहतं ते शेवटच्या दोन वाक्यांनी. पहिला शेवट जो कोणालाही सुचतो तो घोषणेचा: ‘पानी बचाओ, जीवन बचाओ’. कानाला तो इतका सवयीचा आहे की ऐकूच येत नाही. दुसरा शपथेचा: ‘आइए, हम सब मिलकर प्रण करें कि आज से हम पानी की एक भी बूँद व्यर्थ नहीं जाने देंगे’. मुलं हात पुढे करून शपथ घेतात आणि ती पाळता येण्याजोगी नाही हे त्यांनाही माहीत असतं. शिवाय वाक्य लांब, ‘बूँद’ मध्येच, क्रियापद पार टोकाला. तिसरा भीतीचा: पाणी संपेल, तुमची नातवंडं तहानेने तडफडतील. बारा वर्षांच्या मुलाला नातवंडांची काळजी वाटत नाही, आणि का वाटावी?

इथे केलंय ते असं. सुरुवातीला जो आवाज काढला, तोच शेवटी पुन्हा काढला, पण या वेळी त्याचं उत्तर समोरच्या मुलांकडून घेतलं. सकाळपासून उगी उभ्या असलेल्या चारशे मुलांना ओरडायला मिळतं. ती जीव तोडून ओरडतात. तिसऱ्या ‘बंद’ला आवाज टिपेला पोचतो, आणि नेमक्या त्या वेळी बोलणारी मुलगी शांत, खालच्या पट्टीत म्हणते की तोंडाने तर झालं. ते ऐकून मुलांत खसखस पिकते, कारण पकडले गेलो हे त्यांना कळतं. मग शेवटचं वाक्य चार शब्दांचं. त्यात कसलाही दागिना नाही, आणि ते सुट्टीत नळापाशीच खरं करता येतं. मुलं तिथे एकमेकांना ‘टप’, ‘बंद’ म्हणू लागली, की भाषण पाठ करवून घेण्याची गरज उरत नाही. दोन दिवस चिडवाचिडवी चालेल, चालू द्या.

‘टप-बंद’ तीनदाच. पाचदा केलं की गोंधळ आवरत नाही आणि शेवटचं वाक्य त्यात बुडतं. परिपाठ घेणाऱ्या शिक्षकांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच ‘बंद’ला कोणीतरी शिट्टी वाजवून सगळ्यांना गप्प करील. पाचवीच्या एका वर्गाला आदल्या दिवशी विश्वासात घेतलं तर आणखी बरं. पहिल्या हाकेला कोणीतरी खात्रीने ओरडायला लागतं, बाकीचे मागून येतात. प्रतिसाद आलाच नाही तर मुलीने गडबडून जाऊ नये, हेही तिला आधीच सांगा. तिने स्वतःच ‘बंद’ म्हणावं आणि दुसरी हाक द्यावी.

‘अब हाथ से कीजिए’ नंतर लगेच ‘इतना कहकर मैं अपनी वाणी को विराम देती हूँ’ असं म्हणू नका. हे वाक्य शेवट पुसून टाकतं. मनात तीन आकडे मोजायचे, मग शाळेची पद्धत असेल तसं ‘जय हिंद’ म्हणून मागे सरकायचं. मधली ती शांतता मुलांना फार अवघड जाते. घरी सराव करताना तेवढीच जागा वेगळी करून घ्या.

तालमीची माझी पद्धत उलटी आहे. मुलं पहिल्या ओळीपासून पाठ करतात. त्यामुळे पहिल्या दहा ओळी पक्क्या होतात, शेवटच्या कच्च्या राहतात, आणि कच्चं असलं की मूल वेग वाढवतं. म्हणून आधी शेवटच्या पाच ओळी पाठ करून घ्याव्यात, मग त्यांच्या आधीच्या पाच, असं मागून पुढे यावं. म्हणजे बोलताना मूल अनोळखीकडून ओळखीच्या भागाकडे जातं आणि शेवटाला आवाज चढतो, पडत नाही. कागदावर एका ओळीत एकच वाक्य, फार तर दोन-तीन अगदी छोटी, टपोऱ्या अक्षरात, जसं वर छापलंय तसं. परिच्छेद करून लिहिलेला कागद हातात दिलात तर मूल तो परिच्छेदासारखाच, एका दमात वाचून टाकेल.

आणि माइक. ‘पानी’ आणि ‘टप’ या दोन्हींत प आहे. तोंडासमोर अगदी जवळ माइक धरला की प्रत्येक प-ला कर्ण्यातून ‘फट्’ असा स्फोट होतो, आणि या भाषणात तो पंधरा-वीस वेळा होईल. माइक हनुवटीच्या किंचित खाली, चार बोटांच्या अंतरावर धरला की हवा वरून निघून जाते. उभा स्टँड असेल तर तो मुलीच्या उंचीला आधीच आणून ठेवा. परिपाठात स्टँड खाली करण्यात जाणारं अर्धं मिनिट तिच्याच वेळातून कापलं जातं. सुरुवातीच्या तीन ‘टप’मध्ये अंतर खऱ्या नळाइतकं ठेवा. आदल्या दिवशी त्या नळासमोर उभं राहून ते अंतर ऐकून घेतलेलं बरं. घाईघाईत म्हटलेलं टप-टप-टप घोड्याच्या टापांसारखं वाटतं आणि मुलं हसतात.

एक शक्यता मात्र धरून ठेवा. भाषणाचा कागद तपासायला मुख्याध्यापकांकडे गेला, त्यांनी तो वाचला, आणि परिपाठाच्या आधीच मामांना सांगून वायसर बदलून घेतला, असं होतं. उलट तेच व्हावं. पण मग मुलीला ‘तीसरा नल दिन-रात टपकता है’ म्हणता येणार नाही. समोर उभ्या असलेल्यांनी सकाळीच त्या नळाचं पाणी पिऊन ‘आता गळत नाही’ हे पाहिलेलं असतं. अशा वेळी तेवढ्या ओळी भूतकाळात न्या: ‘तीसरा नल दिन-रात टपकता था’, आणि ‘अब नया छल्ला लगेगा’च्या जागी ‘कल मामा ने नया छल्ला लगाया’. सुरुवातीच्या ‘यह हमारे ही स्कूल की आवाज़ है’ मध्ये ‘थी’ घालू नका. कारण अर्धवट बंद केलेले बाकीचे दोन नळ त्या सकाळीही टपकतच असतील. खात्री नसेल तर मुलीने परिपाठाच्या पाच मिनिटं आधी जाऊन बघून यावं.